घरपोच औषधं : जाहिरातीतल्या तीन ओळी आणि कायदा

कोथरूडमधलं एखादं मेडिकल घरपोच सेवा सुरू करतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर फिरवतं : ‘मधुमेह, बीपीवर खात्रीशीर औषधं. संपूर्ण पुण्यात 24 तास सेवा. फक्त चिठ्ठीचा फोटो पाठवा.’ हे उदाहरण कल्पित असलं, तरी असा मजकूर कोणालाही ओळखीचा वाटेल. आणि यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या गैरसमजावर उभी आहे.

सुरुवात चिठ्ठीपासूनच करू, कारण खरी गल्लत तिथेच होते. एकदा फोटो पाठवला की दर महिन्याला त्यावरच औषधं मिळत राहतील, असं बहुतेक घरांत गृहीत धरलेलं असतं. औषध नियम, 1945 मधला नियम 65 वेगळं सांगतो. ज्या औषधांना चिठ्ठी लागते, त्यांची चिठ्ठी एकदाच वापरता येते. पुन्हा औषध द्यायचं, तर तसं डॉक्टरांनी तिच्यावर लिहिलेलं असावं लागतं. शिवाय औषध देताना दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख त्या चिठ्ठीवर नोंदवायची असते.

समजा, एका आजींच्या चिठ्ठीवर रक्तदाबाच्या 30 गोळ्या लिहिल्या आहेत, रोज एक. पहिल्या महिन्यात गोळ्या घरी आल्या. दुसऱ्या महिन्यात नातवाने मोबाइलमधला तोच फोटो पुन्हा पाठवला. चिठ्ठीवर ‘तीन महिने चालू, दर महिन्याला द्यावे’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर दुकानदाराचा नकार हा आडमुठेपणा नव्हे. आणि फोटोवर शिक्का कसा मारणार? कोणी तोच फोटो तीन दुकानांत पाठवला, तर कोणालाच कळणार नाही. म्हणून माल पोचवणाऱ्याने दारात मूळ चिठ्ठी मागणं आणि तिच्यावर शिक्का मारून ती परत देणं, ही चांगली पद्धत म्हणायला हवी. त्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, औषध किती व कसं घ्यायचं, तारीख आणि डॉक्टरांची सही हे सगळं असलं पाहिजे. कोपरा कापलेल्या फोटोत नेमकी तारीख गायब असते.

दुसरा समज असा की चिठ्ठी असली की काहीही घरी येतं. कोरोनाकाळात, मार्च 2020 मध्ये, केंद्र सरकारने घरपोच औषधविक्रीची खास अधिसूचना काढली. त्या टाळेबंदीतही अनुसूची एच-1 आणि एक्समधली औषधं तिने वगळली होती. सेफिक्झिमसारखी काही प्रतिजैविकं, अल्प्राझोलमसारखी औषधं आणि क्षयरोगावरची औषधं एच-1 मध्ये येतात. त्यांची विक्री दुकानदाराला वेगळ्या नोंदवहीत टिपावी लागते आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. पाकिटावरच्या लाल चौकटीतल्या सूचनेत एच-1 असं लिहिलेलं दिसलं की औषध या यादीतलं आहे, हे ग्राहकालाही ओळखता येतं.

‘संपूर्ण पुण्यात’ हे शब्द कानाला मोठे वाटतात, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. 2020 च्या त्या अधिसूचनेने घरपोच विक्रीला महसुली जिल्ह्याची हद्द घातली होती. पण पुणे जिल्ह्यात जुन्नरही येतं आणि भोरही. कोथरूडच्या दुकानाने कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे अशी भागांची नावंच लिहावीत. वेळेचंही तसंच. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं, त्यामुळे रात्री फार्मासिस्ट नसेल तर ‘24 तास’ हा शब्द वापरूच नये.

राहिली ती पहिली ओळ. आपण औषध बनवत नाही, फक्त विकतो, म्हणून जाहिरातीचा कायदा आपल्याला लागू नाही, असं अनेक दुकानदारांना प्रामाणिकपणे वाटतं. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा मात्र असा भेद करत नाही. सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन हे सगळं त्याच्या व्याख्येत जाहिरातच आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणाही आहे. या आजारांचं नाव घेऊन औषध बरं करतं किंवा टाळतं असं सुचवलं, तरी अडचण होते. ‘खात्रीशीर’ हा शब्द तर सरळ काढूनच टाकावा.

मग उरतं ते असं : ‘कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे येथे घरपोच सेवा. सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते रात्री 8. शेवटची मागणी संध्याकाळी 7 पर्यंत. चिठ्ठीचा पूर्ण, स्पष्ट फोटो आधी पाठवा. मूळ चिठ्ठी दारात दाखवावी लागेल. एच-1 व एक्स गटातली औषधं दुकानातूनच मिळतील.’ याखाली परवाना क्रमांक आणि दुकानाचा फोन द्यावा. फोन फार्मासिस्टने उचलावा, कारण चिठ्ठीवरचं अक्षर लागलं नाही तर डॉक्टरांना विचारणं हे त्याचंच काम असतं.