गुरुवारी पाणी नाही, हे आधी सांगा

सोसायटीच्या फलकावर लागते तशी ही सूचना वाचा : ‘मुख्य जलवाहिनीला गळती लागली असल्याचे निदर्शनास आल्यामुळे, दुरुस्तीचे काम तातडीने हाती घेणे आवश्यक असल्याने व रहिवाशांची गैरसोय टाळण्याच्या दृष्टीने समितीने चर्चा केलेली असून, गुरुवारी दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील.’

लोकांना हवे आहे ते शेवटच्या पाच शब्दांत. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘आल्यामुळे’, ‘असल्याने’, ‘असून’ अशी शेपटे जोडत वाक्य कितीही लांबवता येते, आणि तोवर वाचणारा अधांतरी राहतो.

दुरुस्ती करताना आधी वाक्यातले शेवटचे, पूर्ण क्रियापद शोधावे. इथे ते ‘बंद राहील’. काय बंद, केव्हा बंद, एवढे त्याला जोडले की पहिले वाक्य तयार. मग उरलेले तीन तुकडे तपासावेत. गळती आणि दुरुस्ती मिळून एकच कारण होते. समितीच्या चर्चेने कोणाच्या बादलीत पाणी पडत नाही. ती बेलाशक काढावी.

‘गुरुवारी दिवसभर पाणी येणार नाही. मुख्य जलवाहिनीची गळती दुरुस्त करायची आहे. बुधवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.’

शेवटचे वाक्य मूळ सूचनेत नव्हतेच. फापटपसारा गेल्यावरच ही उणीव दिसते.

मात्र अट असेल तर ती पुढेच राहू द्यावी. ‘गॅसचा वास आला, तर दिव्याचे बटण दाबू नका’ हे उलटे करून लिहिले, तर घाईत वाचणारा बटण दाबायचे नाही एवढेच वाचेल, कधी ते नाही.