चौघींचं सादरीकरण, एकच कागद

बँकेत कर्जाचा प्रस्ताव मांडायला गटातल्या दोघी-तिघी मिळून जातात, तेव्हा प्रत्येकीला आपापलं बोलणं पाठ असतं. घोटाळा होतो तो एकीचं संपून दुसरीचं सुरू होताना. एक गप्प होते, दुसरीला वाटतं अजून बाकी आहे, पडद्यावर जुनीच स्लाइड राहते. यात वेळ जातो आणि सगळ्यात शेवटी ठेवलेली कर्जाची मागणी घाईत उरकावी लागते. यावर उपाय म्हणजे सगळ्यांच्या हातात एकच कागद. रेडिओवाले आणि नाटकवाले याला क्यू शीट म्हणतात. आपण क्रमाचा कागद म्हणू.

समजा, मिनी डाळ मिलसाठी कर्ज हवं आहे. वेळ १० मिनिटं आणि स्लाइड ८. आम्ही कागदावर नऊच मिनिटं वाटतो. एक मिनिट राखीव, कारण सुरुवातीला पडदा लागेपर्यंत तेवढं जातंच. कागद असा होतो:

१) अध्यक्ष. स्लाइड १ आणि २ (गटाची ओळख, बैठका). मिनिट ० ते २. शेवटचं वाक्य: “आमच्या पैशांचा हिशेब आता सचिव मांडतील.”

२) सचिव. स्लाइड ३, ४, ५ (बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड). मिनिट २ ते साडेपाच. शेवटचं वाक्य: “डाळ मिलला किती खर्च येईल, ते कोषाध्यक्ष सांगतील.”

३) कोषाध्यक्ष. स्लाइड ६ आणि ७ (मिलचा खर्च, उत्पन्नाचा अंदाज). मिनिट साडेपाच ते ८. शेवटचं वाक्य: “आमची मागणी अध्यक्षताई मांडतील.”

४) अध्यक्ष. स्लाइड ८ (मागणी). मिनिट ८ ते ९. शेवटचं वाक्य: “आता तुमचे प्रश्न विचारा, साहेब.”

चौथी मैत्रीण संगणकावर बसते. ती बोलत नाही, पण कागद तिच्याकडेही हवाच.

वेळ लिहिताना ‘सचिव साडेतीन मिनिटं’ असं लिहू नका. ‘२ ते साडेपाच’ असं लिहा. मग घड्याळ पाहिलं की उशीर झाला का, ते लगेच कळतं. बेरीज करत बसावं लागत नाही.

शेवटचं वाक्य शब्दन् शब्द ठरवायचं. त्यात पुढची कोण आणि ती कशावर बोलणार, या दोन्ही गोष्टी हव्यात. “तर असं आहे” किंवा “धन्यवाद” यावर सोडलं, की पुढचीला खात्री होत नाही. ते वाक्य भाषणात आधी कुठेही येऊ देऊ नका, नाहीतर संगणकावरची मैत्रीण स्लाइड लवकर पुढे ढकलेल. जिला वाचायला जड जातं, तिनं दोनच वाक्यं पाठ करायची: आपल्या आधीचीचं शेवटचं आणि आपलं शेवटचं. ती कानावर चालते, कागदाची गरज पडत नाही.

स्लाइडचा नंबर स्लाइडच्या कोपऱ्यातही छापलेला हवा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना ६ दाबून एंटर केलं, की थेट सहावी स्लाइड येते. एखादी स्लाइड नको झाली तर पुसू नका, लपवा. पुसली की पुढचे सगळे नंबर बदलतात आणि कागद चुकीचा ठरतो. लपवली तर नंबर तसेच राहतात.

ऐन वेळी साहेब म्हणतात, “पाच मिनिटांत आटपा.” म्हणून त्याच कागदाच्या खाली छोटा क्रम आधीच लिहून ठेवायचा: स्लाइड १, ५, ६ आणि ८. ओळख एक मिनिट, परतफेड दीड, खर्च दीड, मागणी अर्धा. एकूण साडेचार मिनिटं. परतफेड आणि मागणी कधीच गाळायची नाही. बोलणाऱ्यांचा क्रम आणि शेवटची वाक्यंही बदलायची नाहीत, म्हणजे कुणी गोंधळत नाही.

आदल्या दिवशी मोबाइलवर घड्याळ लावून उभ्यानं तालीम करा. बसून बोललं की वेळ खरी कळत नाही. एकीचं वाक्य संपल्यावर दुसरीनं लगेच सुरुवात केली नाही, दोन श्वासांपेक्षा जास्त शांतता झाली, तर ते वाक्य कच्चं आहे असं समजा आणि तिथंच बदला. कुणाला रोजच मिनिटभर जास्त लागत असेल, तर तिला घाई करायला लावू नका. तिचा एक मुद्दा कमी करा.

बदल झाला की नवा कागद लिहायचा, वर तारीख आणि वेळ घालायची आणि जुन्या प्रती फाडायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर जुना फोटो फिरत राहिला, तर एकीच्या हातात साडेपाच आणि दुसरीच्या हातात सहा असं होतं. निघण्यापूर्वी चौघींनी आपापल्या कागदावरची तारीख आणि वेळ मोठ्यानं वाचावी. ती जुळली की निघायचं.