लॉटच नाही, तर नमुना कशातून घ्यायचा?

सीलिंग फॅनची जुळणी करणाऱ्या कारखान्यातली एक लाइन घेऊ. दर पंधरा सेकंदांनी कन्व्हेयरच्या टोकाला एक तयार पंखा येतो. मिनिटाला चार, आठ तासांच्या शिफ्टमध्ये १,९२०. टोकाशी उभा असलेला तपासनीस मोटर सुरू करून आवाज ऐकतो, रेग्युलेटरच्या प्रत्येक टप्प्यावर वेग बदलतो का ते बघतो आणि रंगावरून नजर फिरवतो. एका पंख्यामागे त्याचे एक मिनिट जाते. म्हणजे प्रत्येक पंखा तपासायचा तर टोकाला चार माणसे हवीत, आणि तीही दिवसभर.

अशा वेळी नमुना तपासणी आठवते. हजार नगांचा लॉट घ्यायचा, त्यातले ठरावीक नग उचलून तपासायचे आणि त्यांत खराब नग फार निघाले, तर अख्खा लॉट अडवायचा. हे शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखे आहे, आणि सगळा भात एकाच भांड्यात शिजलेला असतो म्हणूनच ती परीक्षा चालते. पंख्यांच्या लाइनवर असे भांडेच नसते. माल थेंबाथेंबाने येतो आणि आला तसा खोक्यात भरून पुढे जातो. एका शिफ्टचा माल म्हणजे एक लॉट, असे कागदावर ठरवता येईल. पण मग निकाल लागेपर्यंत १,९२० पंखे अडवून ठेवायला जागा हवी. शिवाय वाइंडिंग मशीन बिघडते ते शिफ्टचा भोंगा बघून नव्हे. दुपारी अकराला सुरू झालेला बिघाड सकाळच्या चांगल्या मालालाही रिजेक्ट करवतो, किंवा त्या चांगल्या मालाच्या आड लपून निसटतो.

या अडचणीवर अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या हॅरल्ड डॉज यांनी १९४३ मध्ये तोडगा प्रसिद्ध केला. लॉटवरच्या नमुना तपासणीचे तेही एक मोठे जाणकार होते. हॅरी रोमिग यांच्याबरोबर त्यांनी केलेले तक्ते जगभर वापरले गेले. या नव्या योजनेत त्यांनी लॉट हा प्रकारच काढून टाकला. पुढे तिला सीएसपी-१ हे नाव पडले. तिचा नियम दोन आकड्यांवर चालतो. आपल्या लाइनसाठी ते आकडे पन्नास आणि दहात एक असे धरू.

सुरुवातीला येणारा प्रत्येक पंखा तपासायचा. हा क्लिअरिंगचा टप्पा. लागोपाठ पन्नास पंखे निर्दोष निघाले की हा टप्पा संपतो. एकोणपन्नासावा खराब निघाला, तर मोजणी पुन्हा एकापासून. पन्नास पुरे झाले की सॅम्पलिंगचा टप्पा सुरू होतो आणि दर दहा पंख्यांतला एकच तपासला जातो. त्यात एक जरी खराब सापडला तरी त्याच क्षणी परत क्लिअरिंग. सापडलेला खराब पंखा दुरुस्त करायचा किंवा त्याच्या जागी चांगला ठेवायचा. नियम एवढाच आहे. लाइनजवळच्या पाटीवर तो मावतो आणि तपासनिसाला मोजण्यापलीकडे काहीही गणित करावे लागत नाही.

गणित आहे ते आकडे निवडणाऱ्याला. लाइनवर शंभरात एक पंखा खराब निघतो असे धरा. मग लागोपाठ पन्नास चांगले येण्याची शक्यता साधारण ६० टक्के असते. त्यामुळे क्लिअरिंग सरासरी ६५ पंख्यांत आटोपते आणि त्यानंतरचा सॅम्पलिंगचा टप्पा सरासरी १,००० पंखे चालतो, कारण तपासलेल्या शंभरांत एक खराब हाती लागायला हजार पंखे जावे लागतात. एकूण १,०६५ पंख्यांपैकी १६५ तपासले गेले, म्हणजे साडेपंधरा टक्के. चांगल्या लाइनला ही योजना स्वस्त पडते.

खराबी चार टक्क्यांवर गेली की चित्र पालटते. आता पन्नास चांगले ओळीने येण्याची शक्यता फक्त १३ टक्के. क्लिअरिंग सरासरी १६७ पंख्यांपर्यंत लांबते, सॅम्पलिंग २५० मध्ये संपते आणि एकूण तपासणी ४६ टक्क्यांवर जाते. खराबी दहा टक्के झाली, तर ही शक्यता हजारात पाच उरते आणि क्लिअरिंग सरासरी १,९३० पंखे चालते. आपल्या लाइनच्या वेगाने ती जवळजवळ एक पूर्ण शिफ्ट झाली.

या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट याच आकड्यांत आहे. तपासणी चुकवून ग्राहकाकडे किती टक्के खराब पंखे जातात ते बघा. लाइन एक टक्का खराब असताना ०.८५ टक्के जातात. चार टक्के खराब असताना सुमारे २.२ टक्के. आणि लाइन दहा टक्के खराब असताना? फक्त ०.४ टक्के, कारण त्या वेळी जवळजवळ सगळा माल तपासला जात असतो. म्हणजे बाहेर जाणारी खराबी आधी वाढते, लाइन चार टक्क्यांच्या आसपास असताना शिखर गाठते आणि मग उतरते. ते शिखर २.२ टक्क्यांचे. लाइन कितीही बिघडली तरी दीर्घकाळात ग्राहकाकडे सरासरीने याहून जास्त खराब माल जाणार नाही, असे वचन देता येते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या मर्यादेला एओक्यूएल म्हणतात. आधी ही मर्यादा ठरवायची आणि मग तिला बसतील असे दोन आकडे निवडायचे, असा खरा क्रम असतो. दहांऐवजी विसांत एक तपासायचा असेल, तर तीच मर्यादा पाळण्यासाठी क्लिअरिंगची संख्या पन्नासच्या वर न्यावी लागते.

पण या वचनाला एक अट आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. वरचे सगळे हिशेब एक गोष्ट गृहीत धरतात: लाइनची खराबी दोन्ही टप्प्यांत सारखीच असते. जेराल्ड लीबरमन यांनी १९५३ मध्ये विचारले, की हे गृहीतच काढून टाकले तर काय होईल? समजा क्लिअरिंग चालू असताना लाइन एकही खराब नग देत नाही आणि सॅम्पलिंग सुरू होताच प्रत्येक नग खराब देते. पन्नास चांगले जातील. मग दहांच्या पहिल्याच गटात एक खराब पकडला जाईल, उरलेले नऊ निसटतील आणि पुन्हा क्लिअरिंग. साठांत नऊ, म्हणजे १५ टक्के खराब माल बाहेर. २.२ टक्क्यांचे वचन दिलेली हीच योजना आणि हेच दोन आकडे.

हे टोकाचे उदाहरण आहे, पण त्याची सौम्य रूपे कारखान्यात खरोखर दिसतात आणि त्याला कुणाची लबाडी लागत नाही. क्लिअरिंग सुरू झाले की चार तपासनीस लागतात. ते मिळाले नाहीत की सुपरवायझर लाइनचा वेग कमी करतो. वेग कमी झाला की जुळणी करणाऱ्याला स्क्रू नीट आवळायला आणि वायर नीट बसवायला वेळ मिळतो, खराबी घटते आणि पन्नास पंखे भराभर पास होतात. मग लाइन पूर्ण वेगाने धावू लागते आणि खराबी परत येते. क्लिअरिंगने जी लाइन तपासली ती ही लाइन नव्हेच.

हे ओळखता येते, आणि त्यासाठी तपासनिसाची वही पुरते. दोन्ही टप्प्यांचे हिशेब वेगळे ठेवायचे. समजा वहीत असे दिसले: क्लिअरिंगमध्ये १,३०० पंखे तपासले आणि १३ खराब सापडले, म्हणजे एक टक्का. सॅम्पलिंगमध्ये ५०० तपासले आणि २० खराब, म्हणजे चार टक्के. लाइन दोन्ही वेळी सारखी असती, तर पाचशेंत पाचाच्या आसपास सापडायला हवे होते. विसाचा आकडा योगायोगाने येत नाही. एक तर दोन टप्प्यांत लाइन वेगळी चालते आहे, नाही तर क्लिअरिंगमध्ये घाईत तपासणारी नजर खराब पंखे पास करते आहे. दोन्हींत ते २.२ टक्क्यांचे वचन मोडलेले असते.

दुसरी गफलत दहांतला एक निवडताना होते. मोजायला सोपे म्हणून प्रत्येक दहावा पंखा उचलला जातो. आता स्टेटरचे वाइंडिंग पाच स्पिंडलच्या मशीनवर होते आणि स्टेटर त्याच क्रमाने पुढे येतात असे धरा. मग प्रत्येक दहावा पंखा पाचव्या स्पिंडलवरचाच असेल. तिसऱ्या स्पिंडलवर तार सैल गुंडाळली जात असली, तरी सॅम्पलिंगला ते कधीच दिसणार नाही. दहांच्या प्रत्येक गटातला कोणता पंखा उचलायचा हे चिठ्ठीने किंवा यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवायचे ते यासाठी.

उत्पादन विभागाची तक्रार मात्र वेगळी असते: एका खराब पंख्यासाठी चार माणसे पुन्हा लाइनवर आणायची? तिच्यात तथ्य आहे, कारण चांगल्या लाइनवरही अधूनमधून एखादा नग खराब निघतोच. डॉज आणि मेरी टॉरी यांनी १९५१ मध्ये दोन सुधारित योजना मांडल्या. सीएसपी-२ मध्ये पहिला खराब नग सापडला की सॅम्पलिंग तसेच चालू राहते. फक्त त्यानंतर तपासलेल्या ठरावीक नमुन्यांच्या आत दुसरा सापडला तरच क्लिअरिंगला परतायचे. ही संख्या बहुधा क्लिअरिंगच्या आकड्याइतकीच, म्हणजे आपल्या लाइनवर पन्नास ठेवतात. पण यात एक भोक राहते. एखादे टूल तुटले, तर खराब नगांची सलग रांग येते, आणि दहात एक तपासण्याच्या चालीत ती पुष्कळशी निघून जाते. म्हणून सीएसपी-३ मध्ये पहिला खराब नग सापडताच त्याच्या लगेच मागचे चार नग सलग तपासतात. त्यांत एक जरी खराब निघाला, तर तडक क्लिअरिंग.

काही ठिकाणी मात्र यांतली कोणतीच योजना लावू नये. तपासताना नग नासत असेल, जसे फ्यूज वितळवून बघायचा असेल, तर क्लिअरिंगमध्ये सगळा मालच संपेल. आणि ज्या दोषाने जीव जाऊ शकतो त्याला सरासरी २.२ टक्क्यांची मर्यादा काय कामाची? पंख्याच्या बॉडीत करंट उतरतो का, ही चाचणी प्रत्येक पंख्यावरच करायची, दोन्ही टप्प्यांत. दहांत एक हा हिशेब आवाजासाठी आणि रंगावरच्या ओरखड्यासाठी ठेवायचा.