प्रवासाच्या कागदपत्रावरचा 'XXB' हा कोणता देश?

XXB नावाचा देशच नाही. पासपोर्टसारख्या पुस्तिकेत फोटोच्या पानावर तळाशी मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात. पहिल्या ओळीतली तिसरी ते पाचवी अक्षरं पुस्तिका कोणी दिली ते सांगतात, तर दुसऱ्या ओळीतली अकरावी ते तेरावी अक्षरं धारकाचं नागरिकत्व.

समजा, फ्रान्सने १९५१ च्या करारानुसार निर्वासिताला अशी पुस्तिका दिली. तिथे पहिल्या जागी FRA आणि दुसऱ्या जागी XXB असतं. म्हणजे पुस्तिका फ्रान्सची, पण माणूस फ्रेंच नागरिक नाही. कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्यांसाठी XXA आहे. संयुक्त राष्ट्रांच्या प्रवासपत्रात मात्र देणाऱ्याच्याच जागी UNO येतं.

त्यामुळे ऑनलाइन फॉर्ममध्ये निर्वासिताने नागरिकत्व 'फ्रान्स' निवडलं, तर ते मशीनने वाचलेल्या XXB शी जुळत नाही.