आठावरून चौदा

बी.एड.च्या कृतिसंशोधनाचे अहवाल तपासताना एक तक्ता हमखास भेटतो. डावीकडे पूर्वचाचणीचा स्तंभ बुटका, उजवीकडे उत्तरचाचणीचा उंच, खाली टी मूल्य आणि त्याखाली ठरलेलं वाक्य : ‘सदर उपक्रम परिणामकारक आढळून आला.’ इतक्या वर्षांत उजवा स्तंभ बुटका असलेला अहवाल माझ्या हाती क्वचितच आला. सगळेच उपक्रम इतके गुणकारी असते, तर दरवर्षी नव्या विद्यार्थी-शिक्षकांना तेच विषय घ्यावे लागले नसते.

एक नमुना घेऊ. आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. सातवीच्या ‘अ’ तुकडीतली मुलं ऱ्हस्व-दीर्घात चुकतात. ‘फूल’ बरोबर लिहिलं तरी ‘फुलाला’ लिहिताना ‘फू’ दीर्घच ठेवतात. विद्यार्थी-शिक्षिकेनं वीस शब्दांचं श्रुतलेखन घेतलं, तेव्हा सरासरी आठ शब्द बरोबर आले. मग तीन आठवडे रोज अर्धा तास तिनं नियम समजावले, खेळ घेतले, शब्दपट्ट्या लावल्या. शेवटी तेच वीस शब्द पुन्हा घातले आणि सरासरी आली चौदा. टी मूल्य सारणीतल्या आकड्यापेक्षा मोठं निघालं.

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. टी मूल्य फक्त एवढंच सांगतं, की आठ आणि चौदा यांतला फरक निव्वळ योगायोगानं पडण्याइतका लहान नाही. मुलं सुधारली हे खरं. ती कोणामुळे सुधारली याबद्दल टी मूल्याला काही म्हणायचं नसतं. सुधारणेचं कारण तुमचा उपक्रमच आहे असं खात्रीनं म्हणता येणं, याला संशोधनात अंतर्गत सप्रमाणता म्हणतात. आठ ते चौदाच्या मधल्या सहा शब्दांवर उपक्रमाशिवाय निदान तिघे तरी हक्क सांगू शकतात.

डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1957 साली एका लेखात या दावेदारांची यादी केली. पुढे 1963 मध्ये ज्युलियन स्टॅन्ली यांच्यासोबत त्यांनी शैक्षणिक संशोधनासाठी ती सविस्तर मांडली. एकाच गटाची आधी आणि नंतर चाचणी घेण्याची पद्धत त्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि तिला त्यांनी पुरता प्रयोगसुद्धा म्हटलेलं नाही, प्रयोगाच्या अलीकडची पायरी म्हटलं आहे. आमच्याकडे मात्र तीच मुख्य रस्ता होऊन बसली आहे.

पहिला दावेदार इतिहास. हा शिवकालाचा नव्हे. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात बाहेर जे काही घडलं, ते म्हणजे इतिहास. आपल्या शिक्षिकेचे तीन आठवडे फेब्रुवारीत पडले असं समजा. 27 तारखेला मराठी भाषा गौरव दिन. त्याच्या तयारीसाठी शाळेनं शुद्धलेखन स्पर्धा ठेवली, मराठीच्या बाईंनी फळ्यावर रोज पाच शब्द लिहिले आणि दोन-तीन घरांत आईनं वही घेऊन बसवलं. यातलं काहीही अहवालात येणार नाही, कारण शिक्षिकेच्या लेखी तो उपक्रमाचा भागच नव्हता. चौदाच्या आकड्यात मात्र ते सगळं मिसळलेलं असेल.

हा दावेदार ओळखायची एक साधी युक्ती आहे. शिक्षिकेनं ऱ्हस्व-दीर्घ शिकवलं, जोडाक्षरं शिकवली नाहीत. तेव्हा दोन्ही चाचण्यांत ‘उज्ज्वल’सारखे चार-पाच शब्द मुद्दाम घालावेत, ज्यांत चूक जोडाक्षराची होते. ‘फुलाला’ सुधारलं आणि ‘उज्ज्वल’ जागच्या जागी राहिलं, तर उपक्रमाचं पारडं जड होतं. दोन्ही सारखेच सुधारले, तर शाळेत दुसरंही काही चालू होतं असं समजावं आणि बाईंच्या फळ्याची चौकशी करावी.

दुसरा दावेदार परिपक्वता. काळ जाईल तसं माणसाच्या आतच जे बदलतं, ते यात येतं. मुलं मोठी होतात, त्यांचा हात बसतो, वाचन वाढतं. तीन आठवड्यांत हा वाटा थोडा असतो, वर्षभराच्या कार्यक्रमात तो प्रचंड होऊ शकतो. कॅम्पबेल यांनी भूक आणि थकवासुद्धा इथेच बसवले आहेत, आणि आमच्याकडच्या अहवालांना ते नेमके लागू पडतात. पूर्वचाचणी बहुधा मिळेल त्या तासाला, म्हणजे शेवटच्या ‘ऑफ’ तासाला होते. उत्तरचाचणीच्या वेळी शिक्षिका वर्गशिक्षकांना विनंती करून सकाळचा पहिला तास मागून घेते. दप्तर भरून घंटेकडे कान लावलेलं मूल आणि नुकतं प्रार्थना म्हणून बसलेलं मूल, या दोघांच्या गुणांची वजाबाकी आपण ‘परिणाम’ म्हणून छापतो.

तिसरा दावेदार जरा लबाड आहे, कारण त्याला संशोधकच घरात घेतो. तो म्हणजे चाचणी स्वतः. पूर्वचाचणी हाही एक धडाच असतो. श्रुतलेखन संपल्यावर मुलं शेजाऱ्याची वही बघतात, ‘ए, आशीर्वादमधला रफार कुठे रे?’ असं विचारतात, घरी जाऊन शब्दकोश काढतात. पुढच्या आठवड्यात तो शब्द लग्नपत्रिकेवर दिसला की नजर तिथेच थांबते. शिवाय चाचणीचा साचाही कळून जातो : बाई किती वेगानं सांगतात, शब्द दुसऱ्यांदा म्हणतात की नाही. बुद्धिमापन चाचणी पहिल्यांदाच देणारी माणसं दुसऱ्या खेपेला, मध्ये काहीही शिकवलेलं नसताना, सरासरी तीन ते पाच गुण जास्त मिळवतात असं कॅम्पबेल आणि स्टॅन्ली यांनीच नोंदवलं आहे. आमच्या शिक्षिकेनं तर तेच वीस शब्द पुन्हा घातले होते.

यावरचा उपायही स्वस्त आहे. उत्तरचाचणीत जुन्यांपैकी दहा शब्द ठेवायचे आणि त्याच नियमांत बसणारे, तितकेच अवघड दहा शब्द नवे घालायचे. ‘फुलाला’ येतं पण ‘गरिबाला’ येत नाही, तर मूल नियम शिकलेलं नाही, यादी शिकलं आहे.

हे तिघे मिळून किती खातात, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर देणारं एक उदाहरण आपल्या जवळचंच आहे. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईत 1994 मध्ये सुरू झाली. तिच्या ‘बालसखी’ कार्यक्रमात वस्तीतलीच एक तरुणी तिसरी-चौथीत मागे पडलेल्या वीसेक मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून वाचन आणि गणिताचा पाया शिकवायची. मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. मुंबई आणि वडोदऱ्यातल्या या कार्यक्रमाचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी केला आणि तो 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या शाळेत बालसखी तिसरीला द्यायची आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं.

या अभ्यासातली आकडेवारी नंतर जे-पाल या संशोधनसंस्थेच्या प्रशिक्षणात वापरली गेली, ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बालसखीकडे जाणाऱ्या मुलांचे वर्षाच्या सुरुवातीचे सरासरी गुण 24.80 होते, अखेरीस 51.22 झाले. फरक 26.42. आमच्या अहवालांच्या पद्धतीनं गेलो तर काम इथेच संपलं : गुण दुप्पट, उपक्रम परिणामकारक, फोटो, आभार.

आता बालसखीकडे न जाणारी मुलं पाहा. ती 36.67 वरून 56.27 वर गेली. वाढ 19.60. त्यांना बालसखी मिळाली नव्हती. नेहमीची शाळा, वर्षभराचं वाढलेलं वय आणि दोनदा दिलेली चाचणी एवढ्यावरच ही मुलं जवळजवळ वीस गुण वर सरकली. एका गटाच्या वाढीतून दुसऱ्याची वजा केली तर उरतात 6.82. म्हणजे 26.42 मधला जवळपास तीन चतुर्थांश भाग आपल्या तीन दावेदारांच्या खात्यावर जायची शक्यता आहे. त्यातला कोणाचा किती, हे या आकड्यांतून सांगता येत नाही. नेहमीच्या शिक्षकानं वर्षभर शिकवलं ते इतिहासात धरायचं की परिपक्वतेत, यावर अभ्यासकही वाद घालतात. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. ते बालसखीचं नव्हे, एवढं नक्की.

पण 6.82 हासुद्धा शेवटचा आकडा नाही. बालसखीकडे पाठवलेली मुलं मुद्दाम मागे पडलेली निवडली होती. अशी मुलं पुढच्या मुलांच्याच वेगानं वाढतात, हे गृहीत कशावरून धरायचं? त्यातून, जे एखाद्या दिवशी फार कमी गुण मिळवतात त्यांच्यातले काही त्या दिवशी नुसते आजारी किंवा घाबरलेले असतात, पुढच्या खेपेला ते आपोआप थोडे वर येतात. हा आणखी एक दावेदार. चिठ्ठ्या टाकून पडलेल्या गटांची तुलना केली तेव्हा परिणाम आला 5.87. कार्यक्रम फुकट गेला नव्हता, मुलांना त्याचा खरोखर फायदा झाला होता. तो फायदा फक्त पहिल्या तक्त्यानं दाखवलेल्याच्या पाव भागाहूनही कमी होता.

इतिहास नेहमी आकडा फुगवतोच असंही नाही. याच वडोदऱ्याच्या गुजरातेत जानेवारी 2001 मध्ये भूकंप झाला आणि फेब्रुवारी-मार्च 2002 मध्ये दंगली पेटल्या. अशा वर्षात एकाच गटाची आधी-नंतर चाचणी घेतली असती, तर चांगला कार्यक्रमही निकामी दिसू शकला असता. शेजारच्या शाळेतल्या, कार्यक्रम न मिळालेल्या मुलांवरही तोच प्रसंग आलेला असतो. म्हणूनच तुलनेचा गट लागतो.

एका गटाची पद्धत सरसकट टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. दहा वाजता चाचणी घेतली, अकरापर्यंत मुलांना ब्रेल लिपीतली पाच अक्षरं शिकवली, सव्वाअकराला पुन्हा चाचणी घेतली, तर मधल्या तासाभरात दुसरं कोण येऊन ती अक्षरं शिकवून जाणार? काळ छोटा आणि शिकवलेली गोष्ट इतर कुठे न मिळणारी असेल, तर इतिहास आणि परिपक्वता यांना जागाच उरत नाही. चाचणीचा परिणाम तेवढा तपासावा लागतो. तो तपासायला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सॉलोमन यांनी 1949 मध्ये चार गटांची रचना सुचवली होती. तिच्यात काही गटांना पूर्वचाचणी देतच नाहीत. चार गट बी.एड.च्या विद्यार्थिनीला परवडणार नाहीत, पण हजेरीपटावरच्या नावांच्या चिठ्ठ्या करून अर्ध्याच मुलांची पूर्वचाचणी घेणं तिला सहज जमेल. शेवटी दोन्ही अर्ध्यांचे गुण सारखे आले, तर पूर्वचाचणीनं फारसं काही शिकवलं नाही.

आणि शेजारी ‘ब’ तुकडी असतेच. तिथे तेच वीस शब्द त्याच दिवशी, त्याच तासाला दोनदा घालायला एकूण चाळीस मिनिटं लागतात. समजा ‘ब’ आठवरून अकरावर गेली. मग ‘अ’च्या सहा शब्दांतले तीन उपक्रमाचे, तेही दोन्ही तुकड्या मुळात सारख्या असतील तर. हा हिशेब सांगितला की विद्यार्थिनी विचारतात, ‘सर, पण मग परिणाम कमी दिसेल ना? गुण जातील.’ मी ‘नाही’ म्हणतो. पण तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक पहिल्यांदा काय उघडून बघतात, ते त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही : तो दोन स्तंभांचा तक्ता.