साठ सेकंदांच्या व्हिडिओमागचे परवाने

बँग एनर्जी हे अमेरिकेतलं एक एनर्जी ड्रिंक. ते बनवणाऱ्या कंपनीनं टिकटॉकवर आपल्या मालाचे छोटे व्हिडिओ टाकले आणि त्यांना लोकप्रिय गाणी लावली. २०२१ मध्ये युनिव्हर्सल म्युझिकनं कंपनीवर दावा लावला. गाणी टिकटॉकच्याच यादीत होती, ती वापरायची परवानगी आहे असंच आम्हाला वाटलं, असं कंपनीनं सांगितलं. जुलै २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या केंद्रीय न्यायालयानं ते मान्य केलं नाही आणि स्वतः टाकलेल्या व्हिडिओंपुरतं कंपनीला कॉपीराइटभंगासाठी जबाबदार धरलं. ॲप आणि गाण्यांचे मालक यांच्यात जो करार होता, तो सर्वसामान्य वापरकर्त्यांच्या हौशी व्हिडिओंपुरता होता. माल विकणाऱ्याला त्याचा आधार नव्हता.

भारतात टिकटॉक २०२० पासून बंद आहे, पण हाच प्रश्न इन्स्टाग्रामवर रोज उभा राहतो. मेटाच्या संगीतविषयक नियमांत व्यावसायिक कारणासाठी गाणं वापरायचं असेल तर स्वतंत्र परवाना लागतो, असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणूनच बिझनेस अकाउंटला चित्रपटगीतांची मोठी यादी सहसा दिसत नाही. त्यावर अनेक दुकानदार अकाउंटच बदलून वैयक्तिक करतात. यादी लगेच दिसू लागते, परवानगी मात्र मिळालेली नसते. लोणच्याची बरणी दाखवणारा व्हिडिओ कुठल्याही अकाउंटवरून टाकला तरी जाहिरातच राहतो.

मग उरतं ते स्टॉक संगीत आणि स्टॉक फोटो. तिथे परवाना सरळ विकत मिळतो किंवा फुकट मिळतो, पण तो नेमका कशाचा मिळाला हे पाहावं लागतं. एक उदाहरण धरून चालू. देवगडचं एक कुटुंब आमरस, आंबापोळी आणि कोकम सरबत विकतं. हंगामाआधी त्यांना साठ सेकंदांचा व्हिडिओ हवा आहे. बाग आणि कारखाना यांचं शूटिंग घरच्यांनीच मोबाइलवर केलं. कोल्हापूरचा एक एडिटर ते जोडून देणार, मधे दोन-तीन फोटो टाकणार आणि मागे संगीत लावणार.

पहिला फोटो एडिटरनं शोधला तो वाशीच्या फळबाजाराचा. आंब्याच्या पेट्यांची थप्पी, हमाल, व्यापारी, पाट्या असं सगळं त्यात आहे. फोटो स्टॉक साइटवरचाच आहे, पैसेही भरलेत, पण त्याखाली बारीक अक्षरात ‘Editorial use only’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे हा फोटो बातमी, लेख, माहितीपट यांना चालेल, जाहिरातीला नाही. कारण फोटोतल्या माणसांनी आपला चेहरा जाहिरातीत वापरायला लेखी संमती दिलेली नाही आणि पाट्यांवरच्या नावांच्या मालकांनीही दिलेली नाही. या संमतीला धंद्यात मॉडेल रिलीज आणि प्रॉपर्टी रिलीज म्हणतात. फोटोची किंमत किती मोजली यानं यात काहीच फरक पडत नाही. स्टॉक साइटवर शोधतानाच ‘कमर्शियल’ असा फिल्टर लावला तर असे फोटो बाजूला पडतात.

फुकट फोटोंच्या बाबतीत हा धोका जास्त आहे, कारण तिथे रिलीज घेतलेला आहे की नाही हे पुष्कळदा कळतच नाही. २००७ मध्ये व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियन कंपनीनं फ्लिकरवरून एका किशोरवयीन अमेरिकन मुलीचा फोटो घेतला आणि जाहिरातीच्या फलकावर चढवला. छायाचित्रकारानं तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली ठेवला होता, ज्यात श्रेय दिलं तर व्यावसायिक वापरही चालतो. छायाचित्रकाराच्या हक्काचा प्रश्न त्यानं सुटत होता. मुलीला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या कुटुंबानं टेक्सासमध्ये दावा लावला. ऑस्ट्रेलियन कंपनीवर तिथल्या न्यायालयाचा अधिकार चालत नाही म्हणून तो निघून गेला, आणि फोटो वापरणं बरोबर होतं का यावर निकाल लागलाच नाही. पण परवाना देणाऱ्याला जे स्वतःच्या मालकीचं असेल तेवढंच देता येतं, ही गोष्ट त्या प्रकरणानं जगभरच्या जाहिरातवाल्यांना शिकवली. देवगडच्या व्हिडिओत सरबताचा पेला धरलेली हसरी मुलगी हवी असेल, तर रिलीज असलेला फोटो विकत घ्यावा. त्याहून बरं म्हणजे घरातल्याच एखाद्या मुलीचा फोटो काढावा आणि तिच्या आईवडिलांची लेखी संमती ठेवावी.

वापराच्या मर्यादेचा बाऊही फार करू नये. शटरस्टॉकच्या स्टँडर्ड परवान्यात फोटो छापील कामासाठी पाच लाख प्रतींपर्यंत आणि दहा हजार डॉलरपर्यंत खर्चाच्या व्हिडिओत वापरता येतो. देवगडचं कुटुंब त्या रेषेच्या आसपासही जाणार नाही. छोट्या व्यावसायिकाची अडचण आकड्यांत क्वचितच असते. ती असते व्हिडिओ नव्या जागी नेण्यात. एप्रिलमध्ये रील म्हणून टाकलेला व्हिडिओ मे महिन्यात पैसे भरून जाहिरात म्हणून फिरवला जातो, पुण्याचा वितरक तो दुकानातल्या स्क्रीनवर लावायला मागतो, गावातल्या थिएटरचा मालक मध्यंतरात दाखवतो म्हणतो. संगीताच्या परवान्यात हे चारही वापर वेगवेगळे मोजलेले असू शकतात. रॉयल्टी-फ्री लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ दर वेळी वेगळी रॉयल्टी नाही एवढाच. चित्रपटगृह, टीव्ही आणि पेड जाहिरात यांना वरच्या दर्जाचा परवाना लागेल, असं त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं. म्हणून धून निवडण्याआधीच, वर्षभरात हा व्हिडिओ कुठे कुठे लागू शकेल, हे कागदावर मांडलेलं बरं.

आता श्रेय. एडिटरला फुकट संगीत हवं असेल तर तो बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सकडे वळेल. या परवान्यांच्या नावांतली दोन अक्षरं इथे निर्णायक ठरतात. NC असेल तर व्यावसायिक वापर नाही, म्हणजे विषय संपला. ND असेल तर कामात बदल करून वाटायला मनाई. पुष्कळांना वाटतं, आपण धून जशीच्या तशी लावतोय, बदल कुठे केला? पण या परवान्यांच्या ४.० आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे, की संगीत हलत्या चित्रांशी वेळ जुळवून लावलं की ते नवं रूपांतरच झालं. म्हणून ND असलेली धून कुठल्याच व्हिडिओला लावून प्रसिद्ध करता येत नाही. त्याच कारणानं SA असलेली धून लावली तर सगळा व्हिडिओ त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो, म्हणजे कुणीही तो घेऊन बदलू शकेल, अगदी शेजारचा सरबतवालासुद्धा.

राहतो साधा CC BY. केविन मॅकलॉड या अमेरिकन संगीतकारानं शेकडो धुना या परवान्यावर ठेवल्या आहेत. श्रेय द्यायचं नसेल तर पैसे भरून वेगळा परवाना घेण्याची सोयही त्यानं ठेवली आहे. त्याची ‘केअरफ्री’ ही धून छोटी करून लावली, तर श्रेय असं देता येईल:

```
"Carefree" Kevin MacLeod (incompetech.com)
Licensed under CC BY 4.0. Track shortened.
creativecommons.org/licenses/by/4.0/
```

कामाचं नाव, कर्त्याचं नाव, मूळ जागा, परवाना आणि केलेला बदल, सगळं तीन ओळींत आलं. ‘संगीत : इंटरनेटवरून साभार’ असं लिहिलं तर यातलं काहीच येत नाही. हे श्रेय कुठे द्यायचं, तर माध्यमाला साजेल अशा वाजवी रीतीनं, असं परवाना म्हणतो. यूट्यूबवर ते व्हिडिओखालच्या वर्णनात चालतं. पण देवगडचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून गावोगाव जाणार आहे, आणि फाइल पुढे पाठवली की वर्णन मागेच राहतं. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन सेकंदांत, फोन नंबरच्या खाली, या ओळी वाचता येतील इतक्या मोठ्या टाकणं हाच खात्रीचा मार्ग. श्रेय राहून गेलं तर परवाना आपोआप रद्द होतो. ४.० मध्ये एक सवलत आहे, चूक कळल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केली तर परवाना पुन्हा जिवंत होतो. जुन्या ३.० मध्ये ती सोय नाही, म्हणून आवृत्तीचा आकडाही पाहावा.

मुदतीचा प्रश्न सगळ्यात उशिरा लक्षात येतो. मासिक वर्गणी घेणाऱ्या संगीत-संग्रहांत, उदाहरणार्थ एपिडेमिक साउंडमध्ये, वर्गणी चालू असताना प्रसिद्ध केलेला व्हिडिओ पुढेही सुरक्षित राहतो, पण वर्गणी संपल्यावर नवा व्हिडिओ त्या संगीतासह टाकता येत नाही. पुढच्या हंगामात जुन्याच व्हिडिओत नवे दर घालून पुन्हा टाकला, तर तो नवा व्हिडिओ झाला. त्यात वर्गणी कुणाच्या नावावर होती? बहुतेक वेळा एडिटरच्या. स्वस्तातली वैयक्तिक योजना असेल तर दुसऱ्याच्या धंद्यासाठी काम करणं तिच्यात बसत नसण्याचीही शक्यता असते. एडिटरला पैसे देतानाच कुटुंबानं त्याच्याकडून धुनेचं नाव, योजनेचं नाव, परवान्याची प्रत आणि डाउनलोडची तारीख मागून घ्यावी. तारखेला महत्त्व आहे, कारण नियम बदलतात. अनस्प्लॅशनं २०१७ मध्ये आणि पिक्साबेनं २०१९ मध्ये सीसी-झिरो सोडून स्वतःचा परवाना आणला. फोटो कधी घेतला यावर त्याला कुठल्या अटी लागू हे ठरतं.

समजा स्टॉक नकोच म्हणून कुटुंबानं गावातल्याच हार्मोनियमवादकाकडून धून करून घेतली. इथे भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा येतो, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. कलम ३० नुसार परवाना लेखी हवा. कलम १९ मधले नियम कलम ३०-अ मुळे परवान्यांनाही लागू होतात. त्यानुसार मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि वेगळं काही ठरलं नसेल तर वर्षभरात न वापरलेला हक्क संपतो. म्हणजे ‘व्हिडिओसाठी धून वापरायला परवानगी’ एवढ्या चिठ्ठीवर दुबईच्या आयातदाराला व्हिडिओ दाखवणं बसत नाही, आणि सहाव्या वर्षी देवगडमध्येही बसत नाही. कुठली धून, कुठल्या माध्यमांत, पेड जाहिरातीसह की त्याविना, किती वर्षं, भारतात की जगभर, मोबदला किती आणि वादकाचं नाव कुठे येणार, हे अर्ध्या पानात मराठीत लिहून दोघांनी सही केली तरी काम होतं.

परवाना चोख असूनही यूट्यूबवर कधी कधी कॉपीराइटचा दावा येतो. तिथली कंटेंट आयडी ही यंत्रणा ध्वनी ओळखते, परवाना तिला दिसत नाही. अशा वेळी दाव्याला आव्हान द्यायचं, परवान्याचा क्रमांक आणि धुनेचं नाव लिहायचं. दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस असतात, त्यानं उत्तर दिलं नाही तर दावा सुटतो. आंब्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असल्यानं व्हिडिओ मार्चमध्येच ‘अनलिस्टेड’ म्हणून चढवून ठेवावा, म्हणजे दावा आला तरी पहिली पेटी निघण्याआधी निकाली निघेल.