घाटावरच्या समाधीचं अंदाजपत्रक

राजारामपुरीतल्या टेबलावर पंचगंगा घाटावरच्या समाधी-मंदिरांचं अंदाजपत्रक करायचं म्हटलं, की पहिला मोह होतो सार्वजनिक बांधकाम खात्याची दरसूची उघडण्याचा. तिथं दगडी भिंतीच्या दरजा भरण्याचा दर सिमेंटचा सापडतो. तो कागदावर उतरला की ठेकेदार सिमेंटच भरणार. दोष मग त्याचा राहत नाही. काळा दगड पाणी फारसं शोषत नाही. भिंतीतली ओल दरजांतूनच बाहेर पडते. सिमेंटनं ती वाट बुजते आणि आत अडकलेल्या ओलीतले क्षार दगडाच्या कडा फोडतात. दरजेलगत पांढरा लोणा दिसला किंवा हातोडीच्या हलक्या ठोक्याला बद्द आवाज आला, तर तेच झालंय असं समजावं.

म्हणून दर आधी जागेवर शोधायचा. उदाहरणासाठी चार मीटर चौरस, तीन मीटर उंच समाधी घेऊ. चार बाजू मिळून 48 चौ. मी., दाराचे 2 वजा करून 46. ठोकून पाहिल्यावर त्यातल्या 30 चौ. मी.च्या दरजा पोकळ निघाल्या. आता एका कोपऱ्यात एक चौ. मी.चा नमुना करायचा: जुनं सिमेंट छिन्नीनं काढायचं, दरज धुऊन चुना भरायचा आणि वेळ मोजायचा. त्या हिशेबानं एक गवंडी आणि एक मदतनीस दिवसाला 3 चौ. मी. करतात असं निघालं, तर दहा दिवसांची मजुरी धरायची. त्यात चुना, वाळू, पाणी, परांची, ओलं ठेवायची गोणपाटं आणि ठेकेदाराचा नफा मिळवला की खरा दर हाती येतो. उघडल्याशिवाय न दिसणाऱ्या कामासाठी आणखी दहा-पंधरा टक्के वेगळे ठेवायचे.

वेळापत्रक मात्र नदी ठरवते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. त्यामुळं मेअखेर परांची उतरलीच पाहिजे. दिवाळीनंतर मोजणी आणि छायाचित्रं. चुना त्याच वेळी भिजत घालायचा, कारण तो काही आठवडे मुरावा लागतो. मग थंडीत दरजा भरायच्या. एप्रिलच्या उन्हात चुना भराभर सुकून तडकतो.

निधी हप्त्यानं येत असेल तर टप्पे पाण्याच्या वाटेनं पाडावेत: आधी शिखर आणि छत, मग भिंती, शेवटी जोतं. पिंपळाची मुळंही पहिल्याच टप्प्यात, पण ती काढून पडलेली भोकं लगेच बुजवण्याची सोय असेल तरच. एकच अपवाद: भिंतीला तडा असेल तर त्यावर काचेची पट्टी चिकटवून काही महिने पाहावं. ती तुटली, तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी पाया आणि आधार पहिल्या टप्प्यात.

टप्पा बरोबर पाडलाय का, हे तपासायला एक प्रश्न पुरतो: पुढचा हप्ता आलाच नाही, तर ही वास्तू येता पावसाळा सोसेल का? उत्तर 'नाही' असेल, तर अंदाजपत्रक पुन्हा लिहा.